गाडी चालवताना रात्री अचानक हेडलाइट गेला तर काय कराल? ताम्हिणी घाटातला माझा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये रात्री साडेआठच्या सुमारास मी आणि माझा भाऊ ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरत होतो. स्पीड जेमतेम ४०. एक वळण संपलं आणि समोरचा रस्ता गायब झाला. दोन्ही हेडलाइट बंद! भाऊ ओरडला, "दादा, लाइट लाव ना!" लाइट लावलेलेच होते. तेच तर गेले होते.

४० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. म्हणजे "आता काय करू?" असा विचार करायला दोन सेकंद घेतले, तरी २२ मीटर रस्ता न दिसता पार झालेला असतो. म्हणून या वेळी काय करायचं ते आधीच माहीत असायला हवं.

पहिले काही सेकंद

सगळ्यात आधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि ब्रेक हळूहळू दाबत जा. कचकन ब्रेक मारू नका, कारण मागच्या गाडीला अंदाज येत नाही. स्टिअरिंगही एकदम डावीकडे ओढू नका. लाइट जाण्याआधी रस्ता जसा दिसला होता, त्याच रेषेत गाडी ठेवा.

त्याच वेळी लाइटची दांडी स्वतःकडे ओढून धरा. आपण समोरच्याला डिप्पर मारतो, तीच कृती. मी हे केलं आणि अप्पर लागला! रस्त्याची कड दिसली आणि जिवात जीव आला.

असं का झालं? माझ्या गाडीत एच४ प्रकारचा हॅलोजन बल्ब आहे. त्याच्या एकाच काचेत दोन वेगळ्या फिलामेंट असतात, लोअरसाठी एक आणि अप्परसाठी एक. लोअरची फिलामेंट तुटली तरी अप्परची शाबूत असू शकते. म्हणून "हेडलाइट गेला" म्हणजे सगळे लाइट गेले असं समजू नका. अप्पर, फॉग लॅम्प, पार्किंग लाइट, जे काही शिल्लक असेल ते लावून बघा. बाइकलाही हेच लागू आहे. एकच हेडलाइट असला तरी अंगठ्याने लगेच अप्पर-लोअरचं बटण बदलून बघा.

यानंतर डॅशबोर्डवरचं लाल त्रिकोणाचं बटण दाबा. चारही इंडिकेटर लुकलुकायला लागतात. त्याने तुम्हाला रस्ता दिसणार नाही, पण तुम्ही इतरांना दिसाल.

गाडी कुठे थांबवायची?

वळणावर थांबू नका. मागून येणाऱ्याला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसाल. मी अप्परच्या उजेडात हळूहळू पुढे जाऊन, सरळ रस्ता लागल्यावर डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली. घाटात डावीकडे दरी असू शकते, त्यामुळे कड नीट दिसल्याशिवाय गाडी रस्त्याखाली उतरवू नका.

थांबल्यावर हॅझार्ड आणि पार्किंग लाइट चालू ठेवा. डिकीतला लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण काढा आणि गाडीच्या मागे साधारण ५० मीटरवर ठेवा. मोठी ६५-७० पावलं चाललात की एवढं अंतर होतं. मागे वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, म्हणजे गाडी दिसण्याआधी तो दिसेल. चालताना मोबाइलचा टॉर्च चालू ठेवा आणि उजेड येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला जमिनीवर पाडा, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर नको. बाकीच्यांनी गाडीच्या मागे उभं राहू नये. रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी थांबावं.

आणि हो, मोबाइलचा टॉर्च हेडलाइट म्हणून वापरून गाडी चालवायचा विचारही करू नका. त्याचा उजेड काही पावलांपुढे पोचत नाही. एकही लाइट लागत नसेल तर गाडी हलवायचीच नाही. घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवा. गाडी धोक्याच्या जागी अडकली असेल तर ११२ ला फोन करा.

बिघाड कुठे आहे, ते कसं ओळखायचं?

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर बहुतेक वेळा आकृती असते. लाइट आणि इंजिन बंद करून टॉर्चच्या उजेडात हेडलाइटचा फ्यूज ओढून बघा. आतली तार तुटलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा स्पेअर फ्यूज लावा. १० च्या जागी २० चा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावू नका, वायर तापून आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग गॅरेजशिवाय पर्याय नाही.

माझे फ्यूज ठीक होते. आम्ही फक्त अप्परवर, २० च्या स्पीडने दीड-दोन किलोमीटरवरच्या ढाब्यापर्यंत गेलो. समोरून गाडी दिसली की मी आधीच कडेला थांबून अप्पर बंद करायचो, कारण त्या उजेडाने समोरच्याचे डोळे दिपतात. अप्परवर एवढंच करायचं, पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत जायचं. रात्र आम्ही तिथेच काढली.

इंडिकेटर गेला तर?

इंडिकेटरचा टिक-टिक आवाज नेहमीपेक्षा जलद येत असेल, तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ त्या बाजूचा एक बल्ब गेलाय असा असतो. दोन्ही बाजू बंद असतील तर फ्यूज किंवा फ्लॅशर बघा. हाताने इशारा करायची पद्धत आहे, पण अंधारात हात दिसेलच असं नाही. उजवीकडे वळायचं असेल तर आधी डावीकडे थांबा, मागच्या गाड्या जाऊ द्या, रस्ता रिकामा झाला की मगच वळा. वेग कमी करताना ब्रेक दोन-तीनदा हलका दाबा, म्हणजे मागचा लाल लाइट लुकलुकेल.

खरी चूक माझीच होती

सकाळी गॅरेजवाल्या काकांनी दोन्ही बल्ब काढले. दोन्हींची लोअरची फिलामेंट तुटलेली. मी म्हटलं, "काका, दोन्ही एकदम कसे गेले?" ते हसले. "एकदम नाही गेले. एक आधीच गेला असणार, तुम्ही बघितला नाहीत."

मी मोबाइलची गॅलरी उघडली. आठ दिवसांपूर्वी मित्राच्या घराबाहेर काढलेल्या फोटोत मागे माझी गाडी होती, लाइट चालू असलेली. त्यात डावा हेडलाइट बंद होता! शहरात रस्त्यावरच्या दिव्यांमुळे मला कळलंच नव्हतं. आठ दिवस मी एका बल्बवर फिरत होतो आणि घाटात तोही गेला. दोन्ही बल्ब एकाच वयाचे, त्यामुळे एक गेल्यावर दुसराही फार दिवस टिकला नाही.

काकांनी दोन्ही बल्ब बदलले. काचेला बोट लावू दिलं नाही, कारण बोटांचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

आता रात्री पार्किंगमध्ये भिंतीसमोर गाडी लावली की मी बघतो, भिंतीवर उजेडाचे दोन गोल आहेत की एक. मग अप्पर आणि दोन्ही इंडिकेटर लावून बघतो. अर्धा मिनिट लागतो. तुम्ही आज गाडी लावताना भिंतीकडे बघा आणि किती गोल दिसले ते कमेंटमध्ये सांगा.