पडद्यामागचं काम : भाग ७ – आधीचा प्रसंग नंतर

समजा, पटकथेतल्या ४०व्या प्रसंगात सुमन भावाशी भांडते, हातातला काचेचा पेला फुटतो, तळवा कापतो आणि ती तशीच बाहेर पडते. ४१व्या प्रसंगात ती वाड्याच्या पायऱ्या उतरते. प्रेक्षकासाठी मध्ये फक्त उंबरठा आहे. शूटिंगमध्ये मात्र पायऱ्या आधी, वाईला. खोलीचा सेट तीन आठवड्यांनी, गोरेगावच्या चित्रनगरीत. भांडण अजून झालेलंच नाही, पण जखम आज दाखवायची आहे.

आपल्याकडे कंटिन्युइटी बहुधा एखादा सहायक दिग्दर्शक सांभाळतो. त्याने शूटिंगआधीच पटकथेचे ‘कथेतले दिवस’ पाडलेले असतात. ४० आणि ४१ दोन्ही तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ, मध्ये वेळ गेलेला नाही. म्हणजे साडी, केस, रक्त सगळं जसंच्या तसं जुळायला हवं. म्हणून वाईला मेकअप सुरू होण्याआधीच तो दिग्दर्शकाला विचारतो: पेला कोणत्या हातात असेल? उजव्या. रक्त ओलं की सुकत आलेलं? ओलं. हे ठरल्याशिवाय तळव्याला रंग लागत नाही.

फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून निघतात. हाताचा आणि अंबाड्याचा वेगळा, जवळून. पण मेकअप रूममधल्या फोटोवर भिस्त ठेवणं धोक्याचं. दोन रिहर्सलमध्ये पदर घसरतो, डाव्या कानावर बट येते. खरा पुरावा म्हणजे ओके झालेल्या टेकची पहिली चौकट. ४०वा प्रसंग जिथे संपायचा आहे ती जागा हीच.

चित्रनगरीत मग उलटा हिशोब मांडावा लागतो. सुमन खोलीत येताना अंबाडा नीट, तळवा स्वच्छ. बाहेर पडताना बट सुटलेली. ती सुटणार कधी? भाऊ दंड धरून तिला वळवतो, त्या क्षणी. ही जागा अभिनेत्रीला आणि हेअरड्रेसरला आधी सांगायची, नाहीतर शॉट संपतो आणि केस तसेच राहतात. दिग्दर्शकाने ऐनवेळी पेला डाव्या हातात दिला, तर कॅमेरा सुरू होण्याआधीच बोलायला हवं. नंतर उरतो तो एकच उपाय, जखमी हात चौकटीबाहेर ठेवणं. त्यात भांडणाचा जोरच जातो.

फोटोला हालचाल कळत नाही. कोणत्या शब्दावर पेला उचलला, कोणत्या शब्दावर मान वळली, हे संवादाच्या पानावर त्या त्या शब्दाखाली लिहायचं. क्लोजअप घेताना तेच पान उघडं लागतं. तरीही प्रत्येक सुरकुतीसाठी टेक अडवू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रेक्षकाची नजर आधी डोळ्यांवर, मग चेहऱ्याजवळच्या हातांवर जाते. पदराची एखादी चुणी चुकली आणि अभिनय उत्तम झाला, तर संकलक तोच टेक घेतो, आणि घ्यावाच.

सुमनचा पुढचा प्रसंग कथेच्या पाचव्या दिवशी आहे. तिथे रक्त चालणार नाही, खपली हवी. तीही उजव्याच तळव्यावर.