वाट चुकलेली कातडी

कान फुटणं ही गोष्ट आपल्याकडे घराघरांत इतकी ओळखीची आहे, की तिला कुणी फारसं आजारच मानत नाही. सर्दी झाली, कान ठणकला, पू आला, डॉक्टरांनी थेंब दिले आणि आठवड्याभरात कान कोरडा झाला. बहुतेक कानांची कहाणी इथेच संपते. काही कान मात्र वर्षानुवर्षं वाहत राहतात. त्यातलाही एक प्रकार असा, की स्राव अगदी थोडा, उशीवर डाग पडण्यापुरता. पण त्याला कुजका, नकोसा वास येतो. दुखत मात्र काहीच नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाला खरी धास्ती वाटते ती या कानाची. धो धो वाहणाऱ्या कानापेक्षा थोडा वाहणारा आणि घाण वास मारणारा कान जास्त धोक्याचा असतो, हे पेशंटला पटवताना आमची निम्मी ओपीडी जाते.

या आजाराचं नाव कोलेस्टिॲटोमा. तो कॅन्सर नाही, आणि रक्तातल्या कोलेस्टेरॉलशीही त्याचा संबंध नाही. कानाच्या पडद्याबाहेर असायला हवी ती कातडी पडद्याच्या आत, मधल्या कानात जाऊन वाढते, एवढाच हा आजार. एवढाच म्हटलं, पण ही कातडी काय करते ते पाहिलं की प्रकरण साधं राहत नाही.

अंगावरची कातडी रोज मृत थर टाकत असते. अंघोळीत, कपड्यांवर घासून ते निघून जातात. कानाच्या नळीत घासायला काही नाही, म्हणून तिथे निसर्गाने वेगळी सोय केली आहे. पडद्यावरची कातडी मधोमध तयार होते आणि सरकत्या पट्ट्यासारखी हळूहळू बाहेर येते, दिवसाला साधारण 0.1 मिलिमीटर या गतीने. वाटेत मळ आणि मृत थर सोबत घेऊन येते. कान स्वतःचा स्वतः साफ होतो तो असा. कानात काडी घालू नका असं आम्ही सांगतो, त्यामागचं एक कारण हेच.

आता पडद्याच्या पलीकडे बघू. मधल्या कानात हवा असते आणि ती नाकामागून येणाऱ्या एका बारीक नळीतून मिळते. आवंढा गिळला, जांभई दिली की ही नळी क्षणभर उघडते. लहानपणापासूनची सर्दी, वाढलेले ॲडेनॉइड, ॲलर्जी किंवा टाळूची फट यामुळे ती नीट उघडली नाही, तर आतली हवा शोषली जाते आणि नवी येत नाही. आतला दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो. पडद्याचा बराचसा भाग मजबूत असतो, कारण दोन थरांच्या मध्ये तंतूंचा तिसरा थर असतो. वरचा छोटा कोपरा मात्र लेचापेचा. तिथे ते तंतू तोकडे असतात. म्हणून सगळ्यांत आधी तोच आत खेचला जातो आणि तिथे एक खिसा तयार होतो. सुरुवातीला त्याचं तोंड रुंद असतं, कातडी नेहमीप्रमाणे सरकत बाहेर येते, काही बिघडत नाही. खिसा खोल गेला, तोंड अरुंद राहिलं, की बाहेरची वाट बंद होते. आतली कातडी थर टाकत राहते, थर साचत राहतात. पांढरट, ओलसर केराटिनचा हा साठा जंतूंना आयता मिळतो. कुजका वास येतो तो इथून.

थेंबांनी हा कान का थांबत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. ॲंटिबायोटिकचे थेंब जंतू कमी करतात, म्हणून स्राव आटतो, वास जातो, पेशंट खूश होतो. पण कातडी काही जंतू नाही. तिला मारणारं औषध नाही. ती आत आहे तोवर थर टाकणार, आणि पुढच्या सर्दीला किंवा कानात पाणी गेल्यावर कान पुन्हा वाहणार. घरगुती लसणाच्या तेलाची तर गोष्टच सोडा. ते त्या साठ्यात भिजून बसतं आणि बुरशीला जागा करून देतं.

हाड का झिजतं? पूर्वी समजूत होती की साठा वाढतो, दाबतो आणि दाबाने हाड विरतं. दाबाचा वाटा आहे, पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. हाड ही जिवंत वस्तू आहे. तिच्यात हाड बांधणाऱ्या पेशी असतात आणि हाड विरघळवणाऱ्याही, ज्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. दोघींचं काम एरवी तोलात चालतं. कोलेस्टिॲटोमाच्या कातडीखाली सुजलेल्या ऊतींचा एक पातळ थर असतो. तिथून सूज वाढवणारी रसायनं सतत बाहेर पडतात आणि ती ऑस्टिओक्लास्टना कामाला जुंपतात. या पेशी आम्ल सोडून हाडातलं कॅल्शियम विरघळवतात, एन्झाइम उरलेला सांगाडा तोडतात. जंतुसंसर्ग भडकला की हे सगळं वेग घेतं. म्हणून थेंबांनी झीज मंदावते, पण थांबते असं मानता येत नाही.

आणि ही झीज नेमकी कुठे होते, तेच महत्त्वाचं. मधल्या कानात आवाज पुढे नेणाऱ्या तीन हाडांची साखळी असते: हातोडी, ऐरण आणि रिकीब. ऐरणीचा लांब दांडा अगदी बारीक, त्याला रक्तपुरवठाही बेताचा, म्हणून बहुतेकदा आधी तोच झिजतो. साखळी तुटते आणि ऐकू कमी येतं. कधीकधी मात्र साठाच तुटलेल्या साखळीतली पोकळी भरतो आणि आवाज पुढे नेतो. अशा पेशंटला बरं ऐकू येतं, आणि शस्त्रक्रियेनंतर ऐकणं कमी झाल्यावर तो डॉक्टरवर रागावतो. म्हणून हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

साखळीच्या शेजारून, हाडाच्या पातळ कवचातून चेहऱ्याची नस जाते. जवळच तोल सांभाळणारी अर्धवर्तुळाकार नळी आहे. छतावर पातळ हाड आणि त्यापलीकडे मेंदूचं आवरण. मागे मेंदूतलं रक्त खाली नेणारी मोठी शीर. यातलं कुठलं कवच आधी फुटेल, हे कुणी सांगू शकत नाही.

ऑस्कर वाइल्डचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. त्याचे वडील विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे नामांकित कानाचे सर्जन; 1853 साली त्यांनी कानाच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला होता. वाहणाऱ्या कानाकडे दुर्लक्ष करू नये, हा त्यांचा आग्रह. मुलाचा उजवा कान तुरुंगात असताना वाहू लागला होता. 1896 मध्ये रेडिंगच्या तुरुंगातून गृहमंत्र्यांना केलेल्या अर्जात कानाची ही तक्रार आहे. 10 ऑक्टोबर 1900 रोजी पॅरिसमधल्या हॉटेलच्या खोलीतच त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली आणि 30 नोव्हेंबरला, वयाच्या 46व्या वर्षी, तो गेला. अखेरच्या दिवसांत डॉक्टरांनी निदान लिहिलं ते मेंदू आणि त्याच्या आवरणाच्या सुजेचं. पुढे बरीच वर्षं या मृत्यूचं खापर सिफिलिसवर फोडलं गेलं. 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांनी मांडलं, की मूळ कानातच होतं आणि ते कोलेस्टिॲटोमा असण्याची शक्यता मोठी आहे. शंभर वर्षांनी केलेलं निदान सिद्ध करता येत नाही, पण मला ते पटतं.

आज असा पेशंट आला तर काय होतं? समजा, पस्तिशीतल्या एक शिक्षिका आहेत. डावा कान शाळकरी वयापासून अधूनमधून वाहतो, वर्गात मागच्या बाकावरचं नीट ऐकू येत नाही. सहा महिन्यांत तीनदा थेंब झाले. सूक्ष्मदर्शकाखाली सक्शनने कान साफ केल्यावर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात खिसा आणि त्यात पांढरे पापुद्रे दिसतात. साफ न करता नुसती बॅटरी मारून पाहिलं असतं, तर वर चिकटलेली एक खपली दिसली असती आणि मळ समजून सोडून दिली असती. निदान हुकतं ते बहुधा असं. श्रवणचाचणीत 45 डेसिबलची घट निघते, पण आतला कान शाबूत असतो. सीटी स्कॅनमध्ये ऐरण झिजलेली दिसते, चेहऱ्याच्या नसेवरचं कवच एके ठिकाणी शंकास्पद वाटतं.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते, दोन-तीन तास चालते. कानामागे छेद घेऊन मॅस्टॉइडचं हाड ड्रिलने, पाण्याची धार सोडत कोरलं जातं. मग कातडीची ती पिशवी चहूबाजूंनी सोलून काढायची. मागे राहिलेल्या चिमूटभर कातडीतूनही आजार पुन्हा उभा राहू शकतो, म्हणून खरा वेळ इथे जातो. आजार फार पसरला असेल तर कानाच्या नळीची मागची भिंतही काढून एक मोठी उघडी पोकळी केली जाते. ती आयुष्यभर, सहा-बारा महिन्यांनी, साफ करून घ्यावी लागते आणि पाण्यापासून जपावी लागते. भिंत राखली तर कान नैसर्गिक राहतो, पण आजार लपून परतण्याची शक्यता वाढते. मग वर्षभराने पुन्हा उघडून पाहणं किंवा खास प्रकारचा एमआरआय करणं आलं. आमच्या शिक्षिकांचा आजार वरच्या कोपऱ्यापुरताच असल्याने भिंत राखता येते. कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून पडदा शिवला जातो. तुटलेली साखळी त्याच वेळी किंवा पुढच्या खेपेला, कूर्चेने वा टायटॅनियमच्या बारीक सांध्याने जोडतात.

उद्देशांचा क्रम ठरलेला आहे: आधी जीव आणि नस सुरक्षित, मग कान कोरडा, ऐकणं शेवटी. ऐकणं सुधारेलच असं वचन देणाऱ्या डॉक्टरला दोन प्रश्न जास्त विचारावेत. चेहऱ्याच्या नसेला इजा, ऐकू येणं पूर्ण जाणं, चक्कर हे धोके कमी प्रमाणात असले तरी असतात. जिभेच्या एका बाजूची चव काही महिने बिघडणं तर बऱ्यापैकी आढळतं. अतिवृद्ध, भूल न झेपणारे किंवा ज्यांना तेवढ्या एकाच कानाने ऐकू येतं अशा पेशंटमध्ये कधी शस्त्रक्रिया टाळून दर काही आठवड्यांनी कान साफ करत राहणंही शहाणपणाचं ठरतं. बाकीच्यांसाठी मात्र थांबण्याने काही मिळत नाही. मुलांमध्ये तर हा आजार जास्त झपाट्याने वाढतो.

कान सहा आठवड्यांहून जास्त वाहत असेल किंवा स्रावाला घाण वास असेल, तर थेंबांची आणखी एक बाटली घेण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली कान साफ करून तपासून घ्या. वाहत्या कानासोबत चेहरा एका बाजूला वाकडा झाला, गरगरलं, ताप येऊन डोकं जोरात दुखू लागलं किंवा मान ताठली, तर उद्याची अपॉइंटमेंट न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खर्चाच्या काळजीने थांबला असाल, तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.