एक ब्रॅकेट, तीन तऱ्हा

भिंतीवर फळी टेकवायचा साधा काटकोनी ब्रॅकेट. दोन्ही हात ६० मिलिमीटरचे, रुंदी २०. नव्या इंजिनिअरने तो संगणकावर काढला आणि भिंतीवर बसणार तसाच, आडवा हात वर ठेवून, थ्रीडी प्रिंटरला दिला. छापून आला तेव्हा आडव्या हाताखाली प्लास्टिकचं जंगल उभं होतं. ते उपटल्यावर खालचा पृष्ठभाग खरखरीत निघाला.

स्लॅब टाकताना सेंटरिंग लागतं, तसंच हे. प्रिंटर वितळलेल्या प्लास्टिकचे थर एकावर एक रचतो. हवेत थर टाकता येत नाही. मात्र भिंत किंचित बाहेर झुकलेली चालते. थर ०.२ मिलिमीटरचा आणि उतार ४५ अंशांचा असेल, तर प्रत्येक थर खालच्यापेक्षा ०.२ मिलिमीटरच पुढे सरकतो. प्लास्टिकची रेघ साधारण ०.४ मिलिमीटर रुंद, म्हणजे तिचा निम्मा भाग खाली टेकलेला राहतो. उतार याहून आडवा झाला की रेघा लोंबू लागतात आणि सपोर्ट द्यावा लागतो. ४५ हा आकडा अर्थात दगडावरची रेघ नाही. प्लास्टिक आणि पंख्याची हवा यांवर तो थोडा बदलतो.

इंजिनिअरने मग ब्रॅकेट उलटा केला: आडवा हात खाली, दुसरा उभा. सपोर्ट शून्य, पृष्ठभाग स्वच्छ. पण फळीवर वजन ठेवताच तो कोपऱ्यात तुटला. तुटलेली जागा सपाट होती, एका थरावरून सरळ गेलेली. खरा धडा इथे आहे. लाकूड रेषेच्या बाजूने सहज फुटतं, तसा छापील भाग दोन थरांमधल्या सांध्यात कमकुवत असतो, आणि इथे वजनाचा ताण नेमका तोच सांधा उकलत होता.

तिसऱ्या खेपेला ब्रॅकेट कुशीवर निजवला. आता प्रत्येक थरात अख्खा काटकोन एकसंध छापला जातो, त्यामुळे ताण थरांच्या आतून वाहतो. सपोर्ट नाही आणि उंची ६० ऐवजी २०, म्हणजे ३०० थरांऐवजी १००. किंमत मोजावी लागली ती स्क्रूच्या भोकांत. ती आडवी झाल्याने त्यांचं छत जरा बसलं. लहान भोक ड्रिलने साफ होतं. मोठं असेल तर त्याला मुळातच पाण्याच्या थेंबाचा आकार देतात, टोक वर करून.

ही झाली प्लास्टिकच्या रेघेची गोष्ट. नायलॉनच्या भुकटीत लेसरने छापताना भोवतालची भुकटीच भागाला तोलून धरते, सपोर्ट लागत नाही. धातूच्या भुकटीत मात्र लागतो, आणि तो नुसता टेकू नसतो: थंड होताना आकसून वाकू पाहणाऱ्या भागाला तो खालच्या जाड पाटाशी बांधून ठेवतो, शिवाय उष्णताही खाली नेतो. तो हाताने उपटून निघत नाही, कापावा लागतो. म्हणून भाग काढतानाच पाहायचं, की कापायचं हत्यार तिथवर पोहोचेल का.