ग्रॅमचा हिशेब, किलोची यादी

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारा बचत गट असो की सुकी मासळी विकणारी मावशी, इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन बहुधा ग्रॅममध्येच वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरतं. समजा, चिवड्याच्या पाच ऑर्डरी आहेत: १२००, ७५०, २०००, १०५० आणि ३२५० ग्रॅम. हिशेबाला हे आकडे उत्तम. पण पुडीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर किंवा गिऱ्हाइकाच्या बिलावर ‘१ किलो २०० ग्रॅम’ असंच लिहायला हवं, कारण माणूस वजन तसंच बोलतो.

हजाराने भागून १.२ किलो लिहिलं की झालं, असं वाटेल. पण याच यादीतले १०५० ग्रॅम बघा. त्याचे होतात १.०५ किलो. घाईत तो १.५ वाचला गेला, की ५० ग्रॅमच्या जागी अर्धा किलो जास्त चिवडा पुडीत जातो. म्हणून किलो आणि ग्रॅम वेगवेगळे लिहिणं जास्त सुरक्षित.

हे करायला शाळेतला भागाकार पुरतो. १२०० ला १००० ने भागलं, तर भागाकार १ आणि बाकी २००. भागाकार म्हणजे किलो, बाकी म्हणजे ग्रॅम. एक्सेलमध्ये पूर्ण भाग `INT` देतो आणि बाकी `MOD` देतो. शब्द जोडायला `&` हे चिन्ह. ग्रॅम `A2` या चौकटीत असतील, तर शेजारच्या चौकटीत हे लिहायचं:

```
=INT(A2/1000)&" किलो "&MOD(A2,1000)&" ग्रॅम"
```

पहिल्या ओळीला ‘१ किलो २०० ग्रॅम’ बरोबर येतं. पण ७५० ला ‘० किलो ७५० ग्रॅम’ आणि २००० ला ‘२ किलो ० ग्रॅम’ येतं. चूक नाही, पण चिठ्ठीवर ते विचित्र दिसतं. शून्य असेल तो भाग गाळायचा, एवढी अट घातली की काम नीटनेटकं होतं:

```
=TRIM(IF(A2>=1000,INT(A2/1000)&" किलो ","")&IF(MOD(A2,1000)>0,MOD(A2,1000)&" ग्रॅम",""))
```

आता ७५० चं ‘७५० ग्रॅम’ होतं आणि २००० चं नुसतं ‘२ किलो’. `TRIM` मुळे ‘किलो’नंतर उरलेली मोकळी जागा जाते. वजनाची चौकट रिकामी असेल, तर उत्तरही रिकामंच राहतं.

काटा ग्रॅमचे दशांश दाखवत असेल, तर एक खबरदारी घ्यावी. १९९९.६ ग्रॅममध्ये पूर्ण किलो एकच निघतो आणि बाकी उरते ९९९.६. ती बाकी नंतर पूर्णांकात बसवली, तर ‘१ किलो १००० ग्रॅम’ असं अजब वजन छापलं जातं. म्हणून आधी मूळ वजनच पूर्णांकात आणायचं आणि मग भागायचं: सूत्रात जिथे जिथे `A2` आहे, तिथे `ROUND(A2,0)` लिहायचं. मग उत्तर सरळ ‘२ किलो’ येतं.

खरी फसगत मात्र बेरजेत होते. ‘१ किलो २०० ग्रॅम’ हा एक्सेलच्या दृष्टीने आकडा नसतो, ते नुसतं अक्षरलेखन असतं. त्या रकान्याखाली `SUM` लावलं, तर पाच ऑर्डरींची बेरीज शून्य येते. त्या रकान्याने क्रम लावला, तर ‘१० किलो’ हे ‘२ किलो’च्या आधी येऊन बसतं, कारण तुलना अक्षराअक्षराने होते. बेरीज नेहमी ग्रॅमच्या रकान्याची करायची. आपल्या पाच ऑर्डरींची ती ८२५० येते, आणि तेच सूत्र त्या चौकटीला लावलं की ‘८ किलो २५० ग्रॅम’.

दुसरा रकाना नकोच असेल, तर आकडा तसाच ठेवून फक्त त्याचं दिसणं बदलता येतं. ग्रॅमच्या चौकटी निवडा, `Ctrl+1` दाबा, `Custom` मध्ये जाऊन `Type` च्या जागी हे लिहा:

```
[>=1000]0" किलो "000" ग्रॅम";0" ग्रॅम"
```

शेवटचे तीन अंक ग्रॅमच्या वाट्याला जातात, आधीचे किलोच्या. चौकटीत आत १२०० च असतात, त्यामुळे बेरीज आणि क्रम दोन्ही बरोबर येतात. मर्यादा एकच: १०५० हे ‘१ किलो ०५० ग्रॅम’ आणि २००० हे ‘२ किलो ००० ग्रॅम’ असं दिसतं, पुढची शून्यं जात नाहीत.

तेव्हा गटाच्या आपल्या हिशेबाच्या पानाला ही दिसण्याची युक्ती वापरावी, आणि गिऱ्हाइकाच्या हाती जाणाऱ्या चिठ्ठीला सूत्र. काहीही निवडा, पण ग्रॅमचा मूळ रकाना कधीही पुसू नका.