जेट्टीच्या सळईपर्यंत पोचलेलं मीठ

कोकणातल्या जुन्या जेट्टीच्या खाली ओहोटीला होडीतून गेलं की तुळयांच्या पोटाला उभ्याआडव्या भेगा, तांबूस ओघळ आणि निखळलेले पोपडे दिसतात. बहुतेक वेळा सुटलेलं काँक्रीट झोडून काढतात, सळईला रंग फासतात आणि सिमेंटचा नवा थर देतात. दोन-चार पावसाळ्यांत त्याच तुळईला, पण जुन्या ठिगळाच्या शेजारी, नवी भेग पडते. दोष पुष्कळदा गवंड्याच्या हाताचा नसतो. सळईपाशी मीठ किती पोचलंय हे कोणी मोजलेलंच नसतं.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई सहसा गंजत नाही. सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच तिला राखतो. समुद्राच्या मिठातलं क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षं आत सरकतं आणि सळईपाशी पुरेसं साठलं की हा थर जागोजागी फोडतं. मग धरलेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो.

तपासणी करताना तुळईत भोक पाडत जातात आणि दर दहा मिलिमीटरला निघालेली भुकटी वेगळ्या पिशवीत भरतात. प्रयोगशाळेत ती आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजतात. समजा, एका जेट्टीत सळई पृष्ठभागापासून 40 मिलिमीटर आत आहे. तुळईच्या भुकटीत 10 मिलिमीटर खोलीवर काँक्रीटच्या वजनाच्या 0.42 टक्के क्लोराइड निघालं, 20 वर 0.31, 30 वर 0.21 आणि 40 वर 0.14. अहवालात पहिला आकडा डोळ्यात भरतो, पण निर्णय शेवटच्या आकड्यावर घ्यायचा. काँक्रीटमध्ये सिमेंट साधारण एक षष्ठांश धरलं, तर 0.14 म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या 0.84 टक्के. धोक्याची पातळी सहसा 0.4 टक्के मानतात. ती काटेकोर रेषा नव्हे, पण इथे तिच्या दुप्पट मीठ सळईला भिडलेलं आहे. त्याच जेट्टीच्या वरच्या स्लॅबमध्ये 40 मिलिमीटरवर 0.03 निघालं, तर ते सिमेंटच्या 0.18 टक्के होतं. म्हणजे तिथली सळई अजून सुरक्षित आहे.

गंज खरोखर सुरू झाला का, हे पाहायला पृष्ठभागावर कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड टेकवून सळईचा विद्युतदाब मोजतात. उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडचं वाचन आलं तर गंजाची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरतात. मात्र सतत पाण्याखाली असलेल्या पाइलवर याहून उणं वाचन येऊनही सळई शाबूत असू शकते, कारण तिथे गंजाला लागणारा ऑक्सिजनच फारसा पोचत नाही. सगळ्यात वाईट अवस्था भरती-ओहोटीच्या आणि लाटांच्या तुषारांच्या पट्ट्यात होते. तिथे मीठ आणि हवा दोन्ही आळीपाळीने मिळतात. शेवटी काँक्रीट फोडून सळई उघडी करावी आणि तिची जाडी मोजावी. 20 मिलिमीटरची सळई 17 वर आली, तर आडव्या छेदातलं 28 टक्के पोलाद गेलेलं असतं. असं आढळलं तर दुरुस्तीच्या आधी भार कमी करावा, अवजड वाहनं थांबवावीत.

आता ठिगळाचं कोडं उलगडतं. गंजणारी जागा स्वतः झिजत शेजारच्या सळईला वाचवत असते. ती जागा साफ करून नवं काँक्रीट भरलं की हे संरक्षण संपतं, आणि शेजारच्या खारावलेल्या काँक्रीटमधली सळई झिजू लागते. म्हणून या तुळयांसाठी नुसतं ठिगळ मी सर्वांत खाली ठेवीन. त्याच्या वरचा पर्याय म्हणजे सळईच्या मागेही साधारण 25 मिलिमीटर खोदून ती पांढरी होईतो साफ करणं आणि नव्या काँक्रीटच्या कडेला जस्ताचे ॲनोड बसवणं. सळईऐवजी जस्त झिजतं, पण ते संपतंही. जेट्टी पुढची दोन-तीन दशकं वापरायची असेल, तर मोकळं काँक्रीट बदलून बाहेरून सौम्य वीजप्रवाह देणारं कॅथोडिक संरक्षण पहिल्या क्रमांकावर येतं. ते महाग पडतं, वीज आणि देखरेख कायम लागते. दोन्हीची खात्री नसेल तर जस्ताचा पर्याय पहिला. फार झिजलेल्या तुळया मात्र बदलाव्याच लागतात. वरच्या स्लॅबला पाणी रोखणारा सिलेनचा लेप पुरेसा आहे. तुळयांना आता तो लावून फारसा उपयोग नाही, कारण मीठ आधीच आत शिरलंय.

मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो बंदराचा धक्का 1940 च्या सुमारास स्टेनलेस स्टीलच्या सळया घालून बांधला. अनेक दशकांनी तपासल्यावरही त्या जवळजवळ शाबूत निघाल्या. शेजारी नंतर साध्या पोलादाच्या सळयांनी बांधलेला धक्का केव्हाच ढासळला. आपल्या जुन्या जेट्ट्यांना आता सळई निवडण्याची सोय उरलेली नाही. म्हणून तुमच्या गावच्या धक्क्याच्या दुरुस्तीची निविदा निघाली, तर ग्रामसभेत किंवा मच्छीमार सोसायटीत एवढं जरूर विचारा: सळईच्या खोलीवर क्लोराइड किती निघालं, आणि तो आकडा तुळई, स्लॅब आणि पाइल यांचा वेगवेगळा घेतलाय का?