व्हॅल्युअरच्या परीक्षेआधीचा हिशोब

रजिस्टर्ड व्हॅल्युअर, म्हणजेच नोंदणीकृत मूल्यांकनकार, ही ओळख भारतात कंपनी कायदा 2013 च्या कलम 247 मधून आली. हे कलम 18 ऑक्टोबर 2017 रोजी अमलात आले आणि त्याच दिवशी त्याखालचे नियमही जाहीर झाले. कंपनीने ठरावीक व्यक्तींना खासगीत शेअर द्यायचे असोत, दोन कंपन्यांचे विलीनीकरण असो की दिवाळखोरीत निघालेल्या कारखान्याची किंमत ठरवायची असो, अशा कामांत कायद्याला मूल्यांकन हवे असते आणि ते अशाच नोंदणीकृत माणसाकडून करून घ्यावे लागते. नोंदणी करणारी संस्था म्हणजे भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ, व्यवहारातल्या बोलीत आयबीबीआय. आधीपासून हे काम करणाऱ्यांना 31 जानेवारी 2019 पर्यंत सवलत होती. त्यानंतर परीक्षा आणि नोंदणी यांना पर्याय उरला नाही.

नावावरून एक घोळ हमखास होतो. संपत्ती कर कायद्याच्या कलम 34 एबीखाली आयकर खात्याकडे नोंदवलेले मूल्यांकनकारही स्वतःला रजिस्टर्ड व्हॅल्युअरच म्हणवतात. ती यादी वेगळी आणि तिच्या अटीही वेगळ्या. तिथले प्रमाणपत्र कंपनी कायद्याच्या कामाला चालत नाही. या लेखाचा विषय कंपनी कायद्याखालचा व्हॅल्युअर एवढाच आहे.

या नियमांत मालमत्तेचे तीन वर्ग केलेले आहेत आणि उमेदवाराची पदवीच त्याचा वर्ग ठरवते. जमीन व इमारत या वर्गात स्थापत्य अभियंते, वास्तुविशारद आणि नगररचनेचे पदवीधर येतात. यंत्रसामग्रीच्या वर्गात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रॉडक्शन, केमिकल, टेक्स्टाइल, मेटलर्जी अशा शाखांचे अभियंते येतात. तिसरा वर्ग रोखे व वित्तीय मालमत्तांचा, म्हणजे शेअर, कर्जरोखे आणि अख्खा व्यवसाय यांच्या किमतीचा. तो सनदी लेखापाल, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि फायनान्समधले एमबीए किंवा पदव्युत्तर पदवीधर यांच्यासाठी आहे. सनदी लेखापालाला कारखान्याच्या ताळेबंदातली जमीन कितीही परिचयाची असली, तरी तिची किंमत तो या नोंदणीवर ठरवू शकत नाही. दोन वर्गांची पात्रता असलेला माणूस, उदाहरणार्थ फायनान्समध्ये एमबीए केलेला मेकॅनिकल अभियंता, दोन्हीकडे जाऊ शकतो, पण त्याला परीक्षाही दोन द्याव्या लागतात.

नियम 4 मध्ये पात्रतेच्या तीन वाटा आहेत. संबंधित शाखेतली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असेल तर त्यानंतरचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. नुसती पदवी असेल तर पाच वर्षांचा. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या व्यावसायिक संस्थेचे सभासदत्व असेल, तर सभासद झाल्यानंतरची तीन वर्षे लागतात. महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या गटांची इथेच निराशा होते. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन वीस वर्षे बांधकामावर काढलेल्या माणसाकडे पदवी नसते. ‘समकक्ष’ हा शब्द नियमात आहे खरा, पण त्याचा अर्थ केंद्रीय शिक्षण खात्याने पदवीच्या तोडीची मानलेली अर्हता एवढाच होतो. दुसरा गट बी.कॉम. किंवा जी.डी.सी. अँड ए. करून सहकारी संस्थांचे हिशोब तपासणाऱ्यांचा. लेखा क्षेत्रातला त्यांचा अनुभव कितीही दांडगा असला, तरी वित्तीय वर्गासाठी दिलेल्या अर्हतांमध्ये या दोन्ही परीक्षांचा उल्लेख नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या अनुभवाच्या मोजणीत. नियमातला कळीचा शब्द ‘त्यानंतर’ हा आहे. अनुभव अर्हता मिळाल्यानंतरचाच धरला जातो. सनदी लेखापालाची आर्टिकलशिप ही सभासदत्वाच्या आधीची असल्यामुळे ती या हिशोबात शून्य. समजा एक उमेदवार जुलै 2020 मध्ये सीए अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाला, लगेच नोकरीला लागला, पण इन्स्टिट्यूटचे सभासदत्व त्याने जानेवारी 2022 मध्ये घेतले. त्याची तीन वर्षे निकालापासून नव्हे तर सभासदत्वापासून धावू लागतात आणि जानेवारी 2025 मध्ये पूर्ण होतात. मधल्या दीड वर्षाचे काम खरे होते, पण ते कामी आले नाही. एक अर्ज लांबणीवर टाकण्याची ही किंमत.

अभियंत्याचे गणित आणखी चमत्कारिक आहे. समजा एक मुलगी जून 2018 मध्ये स्थापत्य शाखेत बी.ई. झाली. जुलै 2018 ते जून 2021 अशी तीन वर्षे तिने साइटवर काम केले, मग नोकरी सोडून जून 2023 पर्यंत स्ट्रक्चर्समध्ये एम.ई. केले आणि जुलै 2023 पासून पुन्हा नोकरी धरली. पदव्युत्तर वाटेने तिला एम.ई. नंतरची तीन वर्षे हवीत, म्हणजे ती जून 2026 अखेर पात्र होणार. पदवीच्या वाटेने मात्र बी.ई. नंतरची पाच वर्षे पुरतात. पूर्णवेळ शिक्षणाची दोन वर्षे वगळली तरी आधीची तीन आणि नंतरची दोन मिळून जून 2025 अखेर पाच भरतात. वरची पदवी असूनही खालच्या पदवीच्या आधारे ती एक वर्ष आधी पात्र ठरते. तीन आकडा पाचापेक्षा लहान आहे म्हणून तीच वाट जवळची, असे गृहीत धरणारे उमेदवार ही आकडेमोड करतच नाहीत.

अनुभव ‘विनिर्दिष्ट शाखेतला’ असावा, ही दुसरी अट. तिचा अर्थ मूल्यांकनाचाच अनुभव हवा असा नाही. ज्या वर्गाची नोंदणी हवी, त्याला लागू असणाऱ्या शाखेतले काम हवे. त्यामुळे पूल बांधणारी, आराखडे काढणारी किंवा बांधकामाची बिले तपासणारी स्थापत्य अभियंता पात्र होऊ शकते, आयुष्यात तिने एकही मूल्यांकन अहवाल लिहिलेला नसला तरी. उलट, मेकॅनिकलची पदवी घेऊन हिंजवडीत सात वर्षे सॉफ्टवेअर तपासणाऱ्याकडे पदवी योग्य आहे आणि वर्षेही भरपूर आहेत, फक्त ती वर्षे मेकॅनिकलची नाहीत. कागद तपासताना ही गोष्ट अनुभवपत्रावरून उघडी पडते. ‘अमुक काळ आमच्याकडे समाधानकारक सेवा केली’ असे मोघम पत्र म्हणूनच निरुपयोगी ठरते. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद आणि प्रत्यक्ष काम काय होते, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात.

अर्हता आणि अनुभव हाती आल्यावर उमेदवाराला एखाद्या नोंदणीकृत मूल्यांकनकार संघटनेचे सभासद व्हावे लागते. अशा संघटनांना सगळे आरव्हीओ म्हणतात. त्यांना मान्यता आयबीबीआय देते. सनदी लेखापाल, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांच्या संस्थांनी आपापल्या आरव्हीओ काढल्या आहेत. अभियंत्यांचा ओढा जिथे जास्त, अशा संघटनांमध्ये आयओव्ही रजिस्टर्ड व्हॅल्युअर्स फाउंडेशन हे एक जुने नाव. सभासद करून घेताना संघटना कागदपत्रे तपासते, म्हणजे वर सांगितलेली चाळणी प्रत्यक्षात इथेच लागते.

सभासदाने संघटनेचा किमान 50 तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो. अभियंत्यांसाठीही त्यात अर्थशास्त्राची तोंडओळख, ताळेबंद वाचणे, करार आणि हस्तांतराचे कायदे, दिवाळखोरी संहिता, व्यवसायातली नीतिमत्ता हे विषय असतात. मूल्यांकनाच्या पद्धती आणि त्यांवरची उदाहरणे तर असतातच. बाजारभावाशी तुलना करून, मिळकतीच्या उत्पन्नावरून किंवा ती पुन्हा उभारण्याच्या खर्चावरून किंमत काढणे, या तीन वाटा सर्व वर्गांना समान आहेत. 50 तासांत यातले काही मुरत नाही, हे उघड आहे. अभियंत्याला घसारा ठाऊक असतो, पण भविष्यातले उत्पन्न आजच्या किमतीत आणताना तो अडखळतो. लेखापालाला ते गणित पाठ असते, पण मूल्यांकनाचा अहवाल कायद्याच्या कसोटीवर कसा टिकतो, ही बाजू त्याला नवी असते. अभ्यासाचा खरा वेळ वर्गानंतर, घरी द्यावा लागतो.

त्यानंतर परीक्षा. ती संगणकावर होते, बहुपर्यायी प्रश्नांची असते आणि तिला दोन तास मिळतात. उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी चतुर्थांश गुण वजा होतात. या वजाबाकीने 60 ची रेषा प्रत्यक्षात वर सरकते. सोयीसाठी सगळे प्रश्न एकेका गुणाचे आणि एकूण 100 धरू. साठच उत्तरे दिली आणि साठही बरोबर आली, तर माणूस उत्तीर्ण. शंभरही उत्तरे दिली आणि त्यांतली 62 बरोबर आली, तर 38 चुकांचे साडेनऊ गुण जाऊन हाती साडेबावन्न उरतात आणि तो नापास होतो. सगळे प्रश्न सोडवणाऱ्याला निदान 68 बरोबर हवेत. चार पर्यायांपैकी एकही बाद करता येत नसेल, तर अंदाजातून सरासरीने फारसे काही हाती लागत नाही. दोन पर्याय बाद करता आले, तर अंदाज लावणे फायद्याचे ठरते. गुंता वाढवणारा भाग म्हणजे दिलेल्या परिस्थितीवरचे प्रश्न. तिथे एकाच माहितीवर अनेक उत्तरे उभी असतात आणि सुरुवातीला आकडा चुकला की पुढचेही ढासळतात.

परीक्षेचा निकाल म्हणजे नोंदणी नव्हे. उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत आपल्या आरव्हीओच्या शिफारशीसह आयबीबीआयकडे नमुना ‘अ’ मध्ये अर्ज करावा लागतो. त्याचे शुल्क 5000 रुपये असते आणि ते परत मिळत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये उत्तीर्ण झालेल्याने फेब्रुवारी 2027 उलटू दिला, तर त्याला परीक्षा पुन्हा द्यावी लागते. अर्जदार भारतात राहणारा असावा, दिवाळखोर नसावा, सहा महिन्यांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला नसावा, अशा अटी या टप्प्यावर तपासल्या जातात. अर्जात त्रुटी निघाल्या तर त्या दुरुस्त करण्याची संधी मिळते. सर्व ठीक असेल तर नोंदणीचे प्रमाणपत्र येते, आणि त्यावर लिहिलेल्या मालमत्ता वर्गापुरतेच काम त्या व्हॅल्युअरला घेता येते.