सतरंजीतलं दोन लिटर पाणी

पाऊस परतला आणि चार दिवस सलग कोरडं ऊन पडलं, की सोसायट्यांच्या गच्च्यांवर सतरंज्या दिसू लागतात. दिवाळीच्या साफसफाईत पडदे, चादरी, अभ्रे मशिनमध्ये जातात. सतरंजीचं मात्र काय करायचं ते कळत नाही, म्हणून ती शेवटपर्यंत मागे राहते आणि एखाद्या रविवारी बाथरूमच्या फरशीवर घासली जाते. धुऊन स्वच्छही होते. पण भाऊबीजेला पाहुण्यांसाठी अंथरली की तिला कुबट वास येतो, आणि मग पुढच्या खेपेला साबण बदलला जातो किंवा कुठलं तरी सुवासिक द्रव बादलीत ओतलं जातं. बहुतेक वेळा दोष साबणाचा नसतोच. सतरंजी ओली राहिली तेवढ्या वेळात तो वास तयार झालेला असतो.

ओल्या कपड्यांचा हा ठरावीक वास नेमका कुठून येतो, याचा शोध जपानी संशोधकांनी घेतला. 2012 साली त्यांनी दाखवलं, की घरात वाळवलेल्या कपड्यांच्या वासामागे मुख्यतः मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू आहे. तो माणसाच्या त्वचेवर आणि घरात सगळीकडे असतो. कापडात उरलेला घाम आणि तेलकटपणा यांवर तो ओलाव्यात वाढतो आणि एक उग्र वासाचं आम्ल तयार करतो. त्यातली अडचणीची गोष्ट अशी, की हा जिवाणू कापड वाळल्यावर सहजी मरत नाही आणि उन्हातल्या अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणूनच कुबट सतरंजी दोन दिवस उन्हात टाकली की वास गेल्यासारखा वाटतो आणि दमट हवा आली की परत येतो. उन्हाचा खरा उपयोग पाणी लवकर उडवण्यासाठी. जंतूंना वाढायला वेळच मिळू नये, एवढं साधलं की पुरे.

आता घरातली नेहमीची सुती सतरंजी घेऊ, सोलापुरी धर्तीची, चार फूट बाय सहा फूट. कोरडी असताना तिचं वजन साधारण दोन किलो भरतं. तिच्या विणीत ताण्याचे उभे धागे दिसतच नाहीत, कारण बाण्याचा जाड आडवा धागा ठोकून ठोकून त्यांच्यावर बसवलेला असतो. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी ही वीण टिकाऊ खरी, पण पाण्याच्या दृष्टीने अवघड. वरचा सुताचा थर वाळतो आणि जाड धाग्याच्या पोटात, ताण्याच्या आजूबाजूला ओल तशीच राहते. हाताला सतरंजी कोरडी लागते आणि आपण तिची घडी घालतो.

धुण्याआधी ती झटकणं हे निम्मं काम आहे. कठड्यावर उलटी टाकून काठीने धोपटायची, धूळ उडायची थांबेपर्यंत. ही धूळ कोरडी असताना निघते. पाणी लागलं की तिचा चिखल होऊन तो विणीत जाऊन बसतो, आणि तो काढायला पुढे दहा बादल्या पाणी लागतं. धोपटून झाल्यावर, ज्यांच्याकडे प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा असेल त्यांनी सतरंजी गुंडाळून त्याला अडकवावी आणि वजन लिहून ठेवावं. हे वेडेपणाचं वाटेल, पण या आकड्याचा पुढे मोठा उपयोग आहे.

मग रंगाची परीक्षा. पांढरं सुती फडकं ओलं करून प्रत्येक रंगाच्या पट्ट्यावर दाबून चोळायचं. लाल, काळा आणि गडद निळा यांच्याकडे खास लक्ष द्यावं. फडक्याला रंग लागला तर भिजत घालायचं नाही. गार पाण्यात झटपट धुऊन लगेच सपाट पसरायची, ओली घडी एक मिनिटही ठेवायची नाही. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. रंगवतानाच्या कढईत मिठाचं काम असतं, पण विकत आणलेल्या सतरंजीचा सुटणारा रंग घरच्या मिठाने बसत नाही.

रंग पक्का असेल तर अर्धा तास नुसत्या गार पाण्यात बुडवावी आणि ते गढूळ पाणी टाकून द्यावं. त्यानंतर एका बादलीत दोन मोठे चमचे धुण्याची पावडर विरघळवून ते पाणी ओतावं आणि मऊ ब्रशने आडव्या धाग्याच्या दिशेने घासावं. उभं घासलं की सुताचे तंतू उचलले जाऊन केसाळपणा येतो. पावडर जास्त घालायचा मोह टाळावा, कारण जाड विणीतून ती पूर्ण निघत नाही. उरलेला साबण मळ धरून ठेवतो आणि ओलावाही. खळबळताना पाण्यावर फेस दिसेनासा झाला, की त्यानंतर आणखी एकदा पाणी घालावं. नव्या सतरंजीच्या पहिल्या धुण्यात पाणी चिकट लागलं तर ती सुताला दिलेली खळ असते. तीही पूर्ण जायला हवी, कारण पिठाच्या खळीवर बुरशी आनंदाने पोसते.

पाण्याने भरलेली ही सतरंजी आता पाच-सहा किलोंची झालेली असते. तिला पिळायचं नाही. पिळल्याने पाणी कमी निघतं आणि वीण जास्त हलते, कडा वाकड्या होतात आणि वाळल्यावर त्या जमिनीवर कधीच सपाट बसत नाहीत. उतरत्या फरशीवर पसरून रबरी वायपरने मधून कडेकडे पाणी ओढावं, उलटवून पुन्हा तेच करावं. मग कठड्यावर तासभर निथळत टाकावी आणि अर्ध्या तासाने टोकं बदलावीत, नाहीतर सगळं पाणी खालच्या काठात साठतं. लोखंडी कठडा असेल तर खाली प्लॅस्टिक घालावं, गंजाचा डाग सुतातून सहजी निघत नाही. एवढं करून वजन चारेक किलोंवर येतं, म्हणजे अजून दोन लिटर पाणी उडवायचं बाकी आहे. ज्यांच्या मशिनमध्ये दोन किलोंची सतरंजी सैल मावते, त्यांनी ती ड्रममध्ये चहूबाजूंनी सारखी पसरून फक्त पिळणीचा फेरा मंद वेगाने द्यावा. त्यात गाठ पडत नाही, आणि दोनातलं जवळपास एक लिटर तिथेच निघून जातं. वाळण्याचा वेळ त्याने किती कमी होतो, हे मी सांगायला नको. एका बाजूला गोळा झाली तर मात्र मशिन नाचायला लागतं, तेव्हा थांबवून पुन्हा पसरावी.

वाळत घालण्यासाठी एक दोरी पुरत नाही. एकाच दोरीवर दुमडून टाकली तर आतल्या दोन बाजू एकमेकींना चिकटून ओल्या राहतात आणि वासाची सुरुवात नेमकी त्या घडीपासून होते. हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधून त्यांच्यावर टाकावी, म्हणजे मधून वारा जातो. दर दोन तासांनी उलटावी आणि दुमड जिथे पडली ती जागा सरकवावी. सकाळी आठला काम सुरू केलं तर दुपारच्या आत ती दोरीवर जाते आणि ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात संध्याकाळपर्यंत बहुतेक वाळते. ऊन उतरायच्या आत आत घ्यावी, कारण या दिवसांत रात्री दव पडतं. रात्री दोन खुर्च्यांच्या पाठींवर टाकून पंखा लावावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. मुंबईत आणि कोकणात हवा दमट म्हणून उन्हापेक्षा वाऱ्यावर जास्त भर द्यावा लागतो. बाल्कनीत टेबल-फॅन खालून वर मारत ठेवला, तर नुसत्या उन्हात टाकण्यापेक्षा काम लवकर होतं. भर पावसाळ्यात धुवूच नये. धोपटावी, ओल्या फडक्याने डाग पुसावा, बस.

वाळली हे कसं ओळखायचं? हात फसवतो, उन्हात तापलेली सतरंजी हाताला कोरडीच लागते. सावलीत तासभर ठेवून थंड झाल्यावर मधल्या भागावर गाल टेकवून पाहावा; ओल असेल तर ती जागा बाकीच्या भागापेक्षा गार लागते. दुसरी युक्ती, उन्हात असतानाच मध्यावर स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा पसरून कडांना वजन ठेवायचं. अर्ध्या तासात आतून दव धरलं तर पाणी शिल्लक आहे. आणि तो लिहून ठेवलेला आकडा. वजन त्यावर परत आलं की काम झालं. थोडं कमीच भरेल, तो निघून गेलेला मळ.

आधीच कुबट झालेल्या सतरंजीला नुसतं ऊन दाखवून भागत नाही, ती पुन्हा धुवावी लागते. दुकानात ऑक्सिजन ब्लीच म्हणून सोडियम परकार्बोनेटची पावडर मिळते. हात घालता येईल इतक्या गरम पाण्यात पाकिटावरच्या मापाने ती विरघळवून सतरंजी अर्धा-पाऊण तास बुडवावी, पण आधी कोपऱ्यावर रंग पाहूनच. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर मात्र कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

तागाच्या गालिच्याच्या बाबतीत यातलं जवळजवळ काहीच चालत नाही, आणि बहुतेक गालिचे इथेच वाया जातात. ओला झाला की कापसाचा धागा उलट बळकट होतो, ताग कमजोर होतो. तागात लिग्निन असतं, लाकडात असतं तेच. शिवाय तो पाणीही जास्त धरतो: व्यापारात कापसाचा मुरलेला ओलावा साधारण 8.5 टक्के धरतात, तागाचा 13.75 टक्के. सावकाश वाळताना आतला तपकिरी अंश पाण्याबरोबर वर सरकतो आणि जिथे पाणी शेवटी उडतं तिथे डाग बनून बसतो. स्वच्छ पाण्याचा ग्लास सांडला तरी गालिच्यावर कडा उमटते ती यामुळे. धुण्याच्या सोड्यासारखे अल्कली पदार्थ हे आणखी वाढवतात.

म्हणून तागाचा गालिचा धुवायचा नाही, कोरडा साफ करायचा. उलटा टाकून धोपटावा, मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्युम फिरवावा. वास असेल तर खाण्याचा सोडा कोरडाच भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी ओढून घ्यावा. नव्या गालिच्याला रॉकेलसारखा वास येतो तो कुबटपणा नव्हे. ताग मऊ करायला खनिज तेल वापरतात त्याचा तो असतो आणि सावलीतल्या वाऱ्यावर ठेवला की हळूहळू उतरतो. ओल्या गोणपाटाचा वासही वाळल्यावर जातो. वाळूनही राहणारा, दमट दिवशी उठणारा वास तेवढा काळजीचा.

काही सांडलंच तर पांढऱ्या फडक्याने दाबून टिपावं, पुसू नये. दोन्ही बाजूंनी टिपल्यावर गालिचा खाटेवर किंवा खुर्च्यांवर उचलून खालून पंखा लावावा, त्याच दिवशी वाळला पाहिजे. ऊन टाळावं, तागाचा रंग उन्हात पिवळट-तपकिरी होतो. पाण्याची तपकिरी कडा उमटलीच तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घेऊन फडक्याने हलकेच टेकवावं, कडेकडून मध्याकडे, आणि लगेच पंखा. वेणी घालून शिवलेल्या जाड गोल गालिच्याचा मधला भाग सगळ्यात शेवटी वाळतो, तिथे प्लॅस्टिकची परीक्षा करावी. खाली रबराचा थर चिकटवलेला असेल तर पाणी वरूनच बाहेर पडू शकतं, त्यामुळे तो गालिचा चिंब झाला की वाचणं अवघड. मांजराने मुतलेला तागाचा गालिचा तर वाचवायला जाऊच नये. मूत्र सुतळीच्या आतपर्यंत जातं, ते काढायला जेवढं पाणी लागेल तेवढ्याने गालिचाच आधी खराब होतो.